सर्दीच्या औषधांनी वाढलेलं बीपी: काय थांबवायचं, काय घ्यायचं

प्रश्न: "आईचं वय ६३. टेल्मिसार्टन ४० आणि अ‍ॅम्लोडिपिन ५ सहा वर्षं चालू आहेत, एरवी बीपी १३०/८०च्या आसपास असतं. सर्दी-खोकला झाला म्हणून मेडिकलमधून गोळ्या आणल्या, दिवसाला तीन. नाक चोंदतं म्हणून ड्रॉप्स, अंग दुखतं म्हणून आणखी एक गोळी दोन वेळा, आणि शेजारच्या काकूंनी दिलेला ज्येष्ठमधाचा काढा सकाळ-संध्याकाळ. आज पाचव्या दिवशी बीपी १६८/९६ आलं. बीपीची गोळी एकदाही चुकलेली नाही. डोस वाढवायचा का? आणि मग सर्दीवर घ्यायचं तरी काय? पट्ट्यांचे फोटो सोबत देतोय."

बीपीच्या गोळीचा डोस आज स्वतःहून वाढवू नका. बीपीची गोळी तिचं काम करतेच आहे, पण गेले पाच दिवस तिच्या विरुद्ध दिशेला चार गोष्टी ओढताहेत. त्या तशाच चालू ठेवून डोस वाढवलात, तर सर्दी बरी होऊन ही औषधं बंद झाल्यावर बीपी गरजेपेक्षा खाली येईल आणि सकाळी उठताना आईंना चक्कर येईल. आधी ओढणारे हात सोडवायचे, मग उरलेलं बीपी मोजायचं.

त्याआधी एक खात्री करून घ्या. छातीत दुखणं, धाप लागणं, बोलताना शब्द अडखळणं, एका बाजूचा हातपाय जड पडणं, अचानक अंधुक दिसणं किंवा आजवर कधी झाली नाही इतकी तीव्र डोकेदुखी यातलं काहीही असेल तर हे उत्तर वाचत बसू नका, १०८ला फोन करा किंवा थेट हॉस्पिटल गाठा. आकडा १८०/१२०च्या पुढे गेला असेल आणि असा कुठलाच त्रास नसेल, तर शांत बसवून पुन्हा मोजा आणि तरी तेवढंच आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. १६८/९६ आणि बाकी काही त्रास नाही, ही घरी बसून नीट उलगडता येण्यासारखी गोष्ट आहे.

मोजण्याबद्दलही सांगतो, कारण सर्दीत हमखास चूक होते. खोकल्याची उबळ येऊन गेल्यावर लगेच मोजलं तर आकडा खोटा वाढलेला येतो. चहा घेऊन अर्धा तास होऊ द्या, लघवीला जाऊन यायला सांगा, पाठ टेकून आणि पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसवा, पट्टा उघड्या दंडावर आणि दंड छातीच्या पातळीवर ठेवा. एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहून ठेवा. सकाळी बीपीच्या गोळीआधी आणि संध्याकाळी जेवणाआधी, असं रोज दोन वेळा. पुढे मी जो हिशेब सांगणार आहे तो या वहीवरच चालतो.

आता तुमचे फोटो. सर्दीच्या पट्टीमागे चंदेरी बाजूला बारीक अक्षरात तीन नावं आहेत: पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम, फेनिलएफ्रिन १० मिलिग्रॅम, क्लोरफेनिरामिन २ मिलिग्रॅम. आपण "सर्दीची गोळी" म्हणतो ती एक गोळी नसते, एका गोळीत तीन-चार औषधं कोंबलेली असतात. पॅरासिटामॉल तापासाठी, क्लोरफेनिरामिन शिंका आणि नाकातलं पाणी थांबवण्यासाठी (झोप येते ती याच्यामुळे), आणि फेनिलएफ्रिन चोंदलेलं नाक मोकळं करण्यासाठी. बीपीच्या माणसाची अडचण या तिसऱ्याशी आहे.

नाक चोंदतं ते शेंबडामुळे कमी आणि आतली त्वचा सुजल्यामुळे जास्त. तिथल्या बारीक रक्तवाहिन्या फुगतात, रक्त साचतं आणि हवेची वाट अरुंद होते. फेनिलएफ्रिन त्या रक्तवाहिन्यांना आकुंचन पावायला लावतं. ड्रॉप्स नाकापुरते असतात, पण गिळलेली गोळी रक्तात जाते, आणि रक्तातल्या औषधाला नाक कुठलं आणि हात कुठला हे कळत नाही. अंगभरच्या धमन्यांवर तीच कळ असते, ती दाबली की धमन्या आवळतात. नळ तेवढाच आणि पाइप बारीक, म्हणजे दाब वाढणारच. तुमच्या आईंना रोज अशा तीन गोळ्या, म्हणजे ३० मिलिग्रॅम फेनिलएफ्रिन जात होतं.

इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं की तोंडावाटे घेतलेल्या १० मिलिग्रॅम फेनिलएफ्रिननं बहुतेकांचं बीपी फार वाढत नाही. आतड्याच्या भिंतीतच त्याचा बराच भाग मोडून जातो. पण त्याच कारणामुळे नाकापर्यंतही ते पुरेसं पोचत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीनं सप्टेंबर २०२३ मध्ये एकमतानं सांगितलं की तोंडावाटे घेतलेलं फेनिलएफ्रिन नेहमीच्या डोसमध्ये नाक मोकळं करत नाही, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या प्रशासनानं ते विनाचिठ्ठी औषधांतून काढून टाकण्याचा प्रस्ताव मांडला. म्हणजे बीपीच्या पेशंटसमोर हिशेब असा उरतो: फायदा जवळपास शून्य, धोका थोडा पण खरा. म्हणून मी तो घटक सरळ काढतो. "थोडंच वाढतं ना" हा युक्तिवाद तिथे चालतो जिथे बदल्यात काही मिळत असतं.

आणि तो धोका सगळ्यांना सारखा नसतो. ज्यांचं बीपी मुळातच आटोक्यात नाही, ज्यांची किडनी कमजोर आहे, ज्यांना पूर्वी पक्षाघात किंवा हार्ट अटॅक येऊन गेलाय, त्यांच्यात थोडी वाढही महागात पडू शकते. प्रोप्रॅनोलॉलसारखा बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांमध्ये रक्तवाहिन्या सैल करणारी बाजू औषधानं बंद केलेली असते, त्यामुळे आवळणारी बाजू एकटीच जोर करते. नैराश्यासाठी किंवा पार्किन्सनसाठी एमएओ इनहिबिटर गटातली गोळी (उदाहरणार्थ सेलेजिलिन किंवा रासाजिलिन) चालू असेल तर फेनिलएफ्रिन अजिबात नको, तिथे बीपी अचानक धोकादायक पातळीला जाऊ शकतं. तुमच्या आईंच्या गोळ्यांत यातलं काही नाही, हे बरं आहे.

फेनिलएफ्रिनचा थोरला भाऊ म्हणजे स्युडोएफेड्रिन. हे नाक खरोखर मोकळं करतं, आणि बीपीही खरोखर वाढवतं. अभ्यासांची सरासरी काढली तर वरचा आकडा साधारण एकानंच वाढलेला दिसतो, पण सरासरी फसवी असते: काहींमध्ये काहीच होत नाही आणि काहींमध्ये ती वाढ खूप मोठी असते, जास्त डोसला आणि लगेच विरघळणाऱ्या गोळ्यांना अधिक. २०२४ च्या सुरुवातीला युरोपच्या औषध संस्थेनं ठरवलं की ज्यांचं बीपी खूप जास्त आहे किंवा आटोक्यात नाही त्यांनी ते घेऊ नये, कारण मेंदूच्या रक्तवाहिन्या आवळून झटके आणि दृष्टी जाण्यासारखे प्रकार, क्वचित पण झालेले आहेत. आपल्याकडे ते काही मिश्रणांत सापडतं. शिवाय मुलं अमेरिकेत असली की येताना घरच्यांसाठी सर्दीच्या आणि अ‍ॅलर्जीच्या गोळ्यांचे डबे घेऊन येतात. तिकडच्या अ‍ॅलर्जीच्या गोळीच्या नावाशेवटी "डी" हे अक्षर असलं की त्यात सहसा स्युडोएफेड्रिन असतं. त्याच नावाची "डी" नसलेली गोळी चालेल, "डी"वाली डबा न फोडता बाजूला ठेवा.

ही नावं लक्षात राहत नाहीत, म्हणून पेशंटना मी शेपट्या पाठ करायला सांगतो. नाव "एफ्रिन" किंवा "एफेड्रिन"नं संपलं की गिळायचं नाही. "झोलिन"नं संपलं (ऑक्सिमेटाझोलिन, झायलोमेटाझोलिन) की ते नाकातले थेंब, आणि तिथेही सांभाळून.

त्या थेंबांकडे येऊ. तुमच्या बाटलीवर ऑक्सिमेटाझोलिन ०.०५ टक्के आहे. ते नाकातच काम करतं, रक्तात कमी उतरतं, त्यामुळे बीपी चांगलं आटोक्यात असलेल्या माणसानं फक्त रात्री झोपताना, दोन-तीन रात्री वापरले तर मी हरकत घेत नाही. पण दोन गोष्टी बिघडतात. एक म्हणजे थेंब मागे घशात उतरतात आणि गिळले जातात. डोकं पूर्ण मागे टाकून चार-चार थेंब सोडले की हेच होतं. दुसरी गोष्ट अधिक चिवट आहे: चार-पाच दिवसांच्या पुढे वापरलं की औषध उतरताच नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं. माणसाला वाटतं सर्दी वाढली, तो आणखी थेंब टाकतो, आणि महिनोन्‌महिने बाटली उशाशी राहते. ओळखायची खूण सोपी आहे. शिंका, पाणी, ताप सगळं गेलंय आणि तरी थेंबांशिवाय श्वास घेता येत नाही, तर आता त्रास सर्दीचा नाही, थेंबांचा आहे. आईंचा आज पाचवा दिवस आहे, म्हणजे थांबायची वेळ अगदी आत्ताची आहे. एकदम दोन्ही बाजू सोसवत नसतील तर आज एका नाकपुडीत थेंब बंद करा, तिथे नुसतं मिठाचं पाणी. ती बाजू मोकळी राहू लागली की दुसरी बंद करा.

तिसरी गोष्ट अंगदुखीची गोळी. पट्टीवर आयबुप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ३२५ आहे. या चौघांत लोक सर्वांत कमी संशय हिच्यावर घेतात, आणि मला तुमच्या आईंच्या बाबतीत सर्वांत जास्त संशय हिच्यावरच आहे. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक, नॅप्रॉक्सेन, नायमेसुलाइड हा सगळा गट किडनीमध्ये प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं कमी करतो. ती रसायनं किडनीतल्या रक्तवाहिन्या सैल ठेवतात आणि मीठ-पाणी बाहेर टाकायला मदत करतात. ती घटली की मीठ आणि पाणी अंगात साठतं. आणि टेल्मिसार्टनचा जो परिणाम आपल्याला हवा असतो, तो काही अंशी याच वाटेवर अवलंबून असतो. त्यामुळे गोळी रोज पोटात जाते, पण तिचा हात बांधलेला असतो. अ‍ॅम्लोडिपिनवर हा परिणाम फारसा होत नाही, म्हणूनच कदाचित आकडा १६८ वर थांबला. पाय संध्याकाळी सुजले आहेत का, वजन चार-पाच दिवसांत एक-दीड किलो वाढलंय का, हे बघा. दोन्ही पाणी साठल्याच्या खुणा आहेत. अ‍ॅम्लोडिपिननंही घोटे सुजतात हे खरं, पण ती सूज जुनी असते. नवी आली असेल तर वेगळी.

या गोळीबाबत एक ताकीद. बीपीच्या गोळीच्या नावामागे "एच" किंवा "सीटी" असेल तर तिच्यात लघवीवाटे मीठ काढणारं औषध मिसळलेलं असतं (हायड्रोक्लोरोथायाझाइड किंवा क्लोरथॅलिडोन). टेल्मिसार्टनच्या गटातली गोळी, ते लघवीचं औषध आणि त्यावर आयबुप्रोफेन, ही तिन्ही एकत्र आली आणि सर्दीतापात खाणंपिणं कमी झालेलं असलं, की किडनीला झटका बसू शकतो. लघवी कमी होणं ही पहिली खूण. आईंच्या पट्टीवर "एच" नाही, तरी आयबुप्रोफेन आज बंद.

आणखी एक बघा: पॅरासिटामॉल दोन्ही पट्ट्यांत आहे. रोज तीन वेळा ५०० आणि दोन वेळा ३२५, म्हणजे २१५० मिलिग्रॅम. मर्यादेत आहे, पण घरात कुणालाच माहीत नव्हतं की ते दोनदा जातंय. त्यात ताप वाढला म्हणून तिसरी ६५० ची पट्टी उघडली असती तर मोजदादच राहिली नसती.

राहिला काढा. ज्येष्ठमधाबद्दल लिहिताना मला काळजी वाटते, कारण "आयुर्वेदिक आहे, अपाय नाही" म्हणून तो दिवसाला दोन पेले दिला जातो आणि डॉक्टरला कुणी सांगतही नाही. ज्येष्ठमधाची गोडी ज्या ग्लिसिरायझिनमुळे असते, तेच किडनीतल्या एका एन्झाइमला थोपवतं. ते एन्झाइम एरवी कॉर्टिसोल या आपल्याच हार्मोनला किडनीत निष्क्रिय करत असतं. ते थांबलं की कॉर्टिसोल मीठ धरून ठेवायचा हुकूम द्यायला लागतं: सोडियम अंगात राहतं, पोटॅशियम लघवीतून जातं, बीपी चढतं. पोटॅशियम फार खाली गेलं तर पोटऱ्यांत गोळे येतात, अशक्तपणा वाटतो, ठोके चुकतात. लघवीचं औषध चालू असलेल्यांना हा धोका दुप्पट, कारण तेही पोटॅशियम घालवतं. स्वीडनमध्ये २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी तरुणांना रोज फक्त १०० मिलिग्रॅम ग्लिसिरायझिक आम्ल दोन आठवडे दिलं, तरी वरचं बीपी सरासरी तीन अंकांनी वाढलं. घरी उकळलेल्या काढ्यात नेमकं किती उतरलंय हे कांडी किती जाड, किती वेळ उकळली, यावर ठरतं, त्यामुळे "एवढा चालेल" असा आकडा मला देता येत नाही. बीपीच्या माणसानं घसा खवखवतो म्हणून एखादा दिवस छोटी कांडी चघळली तर आकाश कोसळणार नाही. रोजचा काढा मात्र नको.

याचा अर्थ सगळेच काढे वाईट असा नाही. २०२० मध्ये आयुष मंत्रालयानं सुचवलेल्या काढ्यात तुळस, दालचिनी, सुंठ आणि काळी मिरी होती, ज्येष्ठमध नव्हतं. सितोपलादी चूर्णातही ज्येष्ठमध नसतं: खडीसाखर, वंशलोचन, पिंपळी, वेलची, दालचिनी. (त्यात साखर बरीच असते, मधुमेह असेल तर तो विचार वेगळा.) तयार आयुर्वेदिक कफ सिरप आणि घशाच्या गोळ्यांवर मात्र यष्टिमधु, मुलेठी किंवा मधुयष्टी ही नावं शोधा, तिन्ही म्हणजे ज्येष्ठमधच. आणि दम्याच्या काही औषधांत सोमलता असते, तिच्यात नैसर्गिक एफेड्रिन असतं, म्हणजे पुन्हा तीच शेपटी.

आता वहीचा हिशेब. आज चारही बंद केलंत, तर बीपी एकदम उतरणार नाही, टप्प्याटप्प्यानं उतरेल, आणि कुठल्या टप्प्यावर किती उतरलं यावरून कोणी किती चढवलं होतं हे बऱ्यापैकी कळतं. फेनिलएफ्रिन काही तासांत शरीराबाहेर जातं आणि थेंबांचा परिणामही एका दिवसात संपतो. म्हणून उद्या संध्याकाळपर्यंतची उतरण या दोघांच्या खात्यात टाका. आयबुप्रोफेनचं साठलेलं मीठ-पाणी निघायला दोन-चार दिवस लागतात. लघवी थोडी वाढते, पाय हलके होतात, वजन उतरतं. ज्येष्ठमध सर्वांत रेंगाळतं, ते एन्झाइम पूर्ववत व्हायला एक-दोन आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. समजा उद्या १६०, चौथ्या दिवशी १४२ आणि मग दहा दिवस १३८-१४०ला अडकून हळूहळू १३०, तर मुख्य भार अंगदुखीच्या गोळीचा होता आणि शेवटचा रेंगाळणारा थोडा भाग काढ्याचा. पाचच दिवस काढा घेतलाय म्हणून हा शेवटचा भाग नसूही शकतो. सर्दीचा ताप आणि मोडलेली झोप यांनीही काही अंक चढवलेले असतात, तेही मधल्या काळात उतरतात, त्यामुळे हा हिशेब अंदाजाचाच समजा.

आठवडा झाल्यावर शेवटच्या तीन दिवसांची सरासरी काढा. घरी मोजलेलं १३५/८५च्या खाली आलं तर जुनाच डोस योग्य होता. वर राहिलं तर वही आणि या सगळ्या पट्ट्या घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा, डोस वाढवायचा निर्णय तेव्हाचा. सोबत पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासायला ते सांगतील. पोटऱ्यांत गोळे किंवा खूप थकवा असेल तर ही रक्ततपासणी आठवड्याची वाट न बघता करा.

मग सर्दीवर काय. मिश्रण न घेता एका त्रासाला एक औषध. ताप आणि अंगदुखीला नुसतं पॅरासिटामॉल ५००, लागलं तरच, दोन डोसांत सहा तासांचं अंतर ठेवून, दिवसाला जास्तीत जास्त चार. २०२२ मध्ये एडिंबरामध्ये झालेल्या अभ्यासात बीपीच्या रुग्णांना रोज चार ग्रॅम पॅरासिटामॉल दोन आठवडे दिल्यावर वरचं बीपी पाचेक अंकांनी वाढलं होतं, म्हणून तेही महिनाभर सवयीनं घेऊ नये. सर्दीच्या तीन-चार दिवसांना, दोन ग्रॅमच्या आत, ते आयबुप्रोफेनपेक्षा खूप बरं. शिंका आणि पाण्याला लेव्होसेटिरिझिन ५ किंवा सेटिरिझिन १०, रात्री एक. किडनी कमजोर असेल तर डोस डॉक्टरांना विचारून. क्लोरफेनिरामिननं बीपी वाढत नाही, पण वयस्कर माणूस रात्री गुंगीत उठतो आणि पडतो. प्रोस्टेटचा त्रास असलेल्या वडिलांना त्याच गोळीनं लघवी अडकू शकते, म्हणून साठीपुढे मी ते टाळतो.

चोंदलेल्या नाकाला सोडियम क्लोराइडचे साधे थेंब किंवा स्प्रे, दिवसातून पाच-सहा वेळा. दुकानातले नसतील तर उकळून गार केलेल्या पाव लिटर पाण्यात सपाट अर्धा चमचा मीठ. हे रोज नवीन करा. नाकात टाकायचं पाणी कच्चं कधीच नको. या मिठानं किंवा गुळण्यांच्या मिठानं बीपी वाढेल का, असं बरेच जण विचारतात. गुळणी थुंकायची असते आणि नाकातलं बरंचसं बाहेरच येतं, त्यामुळे नाही. रात्री उशाला एक जास्तीची उशी दिली की सूज थोडी उतरते. कोरड्या खोकल्याला कोमट पाण्यात मध (मधुमेह नसेल तर), आणि झोपच लागत नसेल तर नुसतं डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेलं सिरप. त्या बाटलीवरही फेनिलएफ्रिन मिसळलेलं नाही ना हे बघा, कारण बऱ्याचदा असतं. नैराश्याच्या गोळ्या चालू असतील तर डेक्स्ट्रोमेथॉर्फन विचारल्याशिवाय नको. टर्ब्युटालिन किंवा लेव्होसाल्ब्युटामॉल असलेली सिरप शिट्टीसारखा आवाज येणाऱ्या छातीसाठी असतात. साध्या खोकल्यात त्यांनी फक्त धडधड आणि हाताला कंप मिळतो.

पाण्यात टाकून फसफसणाऱ्या गोळ्यांबद्दलही सांगायला हवं. फेस येतो तो सोडियमच्या क्षारांमुळे. ५०० मिलिग्रॅमच्या एका फसफसणाऱ्या पॅरासिटामॉलमध्ये साधारण ४०० मिलिग्रॅम सोडियम असू शकतं. दिवसाला चार घेतल्या की १६०० मिलिग्रॅम, आणि जागतिक आरोग्य संघटनेनं पूर्ण दिवसासाठी सांगितलेली मर्यादाच २००० आहे. जेवणात लोणचं-पापड बंद करून ही गोळी घेण्यात अर्थ नाही. साधी गिळायची गोळी घ्या.

दुकानात काय बोलायचं हेही ठरवून जा. "बीपी आहे, सर्दीची गोळी द्या" एवढ्यावर गर्दीच्या वेळी नेहमीचीच पट्टी हातात पडते. "फेनिलएफ्रिन नसलेलं द्या, आयबुप्रोफेन-डायक्लोफेनॅक नको, नुसतं पॅरासिटामॉल आणि लेव्होसेटिरिझिन वेगळं द्या" असं नावानं मागा. आणि चार गोळ्या कात्रीनं कापून घेऊ नका. घटक पट्टीच्या एखाद्याच कोपऱ्यात छापलेले असतात, आणि कापलेल्या तुकड्यावर बऱ्याचदा फक्त कंपनीचं मोठं नाव उरतं. पूर्ण पट्टी परवडत नसेल तर दुकानातच मागच्या बाजूचा फोटो काढून घ्या. ओळखीचं नाव म्हणून विसंबून राहू नका: एकाच नावाखाली सर्दीची, तापाची आणि खोकल्याची वेगवेगळ्या घटकांची औषधं मिळतात.

शेवटी खोकल्यापुरतं. सर्दी गेली, नाक कोरडं झालं, तरी कोरडा, घशात गुदगुल्या झाल्यासारखा खोकला तीन आठवड्यांच्या पुढे चालू राहिला, तर बीपीच्या माणसात आणखी एक शक्यता बघावी लागते, ती म्हणजे बीपीचीच गोळी. रामिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, पेरिंडोप्रिल, म्हणजे "प्रिल"नं संपणाऱ्या गोळ्यांनी काही जणांना असा खोकला होतो, सुरू केल्यावर आठवड्यांनीही होतो, आणि त्यावर कुठलंच सिरप चालत नाही. लोक महिनोन्‌महिने त्यावर सर्दीच्या गोळ्या खातात आणि बीपी वाढवून घेतात. तुमच्या आईंना टेल्मिसार्टन आहे, त्या गटात हा त्रास सहसा होत नाही, म्हणून त्यांच्याबाबत मी याचा विचार आत्ता करत नाही. पण घरात दुसऱ्या कुणाला "प्रिल" चालू असेल आणि असा खोकला असेल, तर गोळी स्वतः बंद न करता डॉक्टरांना तेवढंच विचारा, "हा खोकला या गोळीचा असेल का?" गोळी बदलल्यावर तो साधारण एक ते चार आठवड्यांत जातो, कधी थोडा जास्त वेळ लागतो.